अंधाराची जमा-वजा

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा 1999 सालचा व्यूहरचनेचा खेळ सुरू केला, की पडद्यावर आपल्या गावाभोवतीची जमीन तेवढी दिसते, बाकी सगळा नकाशा काळा. घोडेस्वार पुढे जाईल तसा काळोख हटतो. तो परतला, की मागची जमीन पुन्हा काळी होत नाही, धुरकट होते. तिथली टेकडी, झाडी दिसते, पण आता तिथून शत्रू चाललाय का, हे कळत नाही. या पडद्याला खेळाडू ‘फॉग ऑफ वॉर’ म्हणतात.

संगणकाला याचा हिशेब चौकोनागणिक ठेवावा लागतो. या खेळाच्या मूळ आवृत्तीतला सर्वांत मोठा नकाशा 240 बाय 240 चौकोनांचा, म्हणजे 57,600 चौकोन. आणि खेळाडू आठपर्यंत. ‘पाहिलेला’ ही नोंद सोपी आहे. प्रत्येक खेळाडूला एक बिट पुरतो, आठ जणांचं काम एका बाइटमध्ये भागतं आणि एकदा लागलेली खूण कधी पुसायची नसते.

‘आत्ता दिसतोय’ हे मात्र सतत बदलतं. सैनिक निघून गेला म्हणून त्याच्या जागेवर लगेच धुकं पसरवता येत नाही, कारण शेजारचा दुसरा सैनिक तोच चौकोन पाहत असेल. म्हणून प्रत्येक खेळाडूसाठी दर चौकोनावर एक आकडा ठेवतात: तो चौकोन सध्या किती जण पाहताहेत? आकडा शून्यावर आला की धुकं.

समजा, सैनिकाची नजर चार चौकोनांपर्यंत पोहोचते. त्या वर्तुळात 49 चौकोन येतात. तो एक घर पूर्वेला सरकला, तर वर्तुळाच्या नऊही ओळींत पुढचा एक चौकोन नव्याने दिसू लागतो आणि मागचा एक सुटतो. नऊ जमा, नऊ वजा, काम संपलं. उभ्या असलेल्या सैनिकासाठी तर काहीच करावं लागत नाही. दर वेळी सगळं पुसून मोजायचं ठरवलं, तर 200 जणांच्या फौजेसाठी 9,800 नोंदी पुन्हा कराव्या लागतील.

ही पद्धत फसते ती जमा आणि वजा जुळली नाही तर. या खेळात ‘टाउन वॉच’ हे संशोधन केलं, की इमारतींची नजर चार चौकोनांनी वाढते. बुरूज बांधताना आठच्या हिशेबाने 197 चौकोनांत एक-एक मिळवला, नंतर नजर बारा झाली, पण आकडे तसेच राहिले, असं धरा. बुरूज पडल्यावर प्रोग्रामने बाराच्या हिशेबाने 441 चौकोनांतून एक-एक वजा केला, तर 244 चौकोनांतून कधी न मिळवलेला एक कमी होतो. तिथे आपला एकच सैनिक पहारा देत असेल, तर त्याच्या पायाखालीच धुकं पसरतं!

म्हणून मोजताना वापरलेली जागा आणि पल्ला त्या बुरुजाच्याच नोंदीत जपून ठेवायचा आणि वजाबाकी नेहमी त्याच आकड्यांनी करायची. नजर वाढली की जुनं वर्तुळ आधी काढायचं, मग नवं घालायचं. चाचणीच्या वेळी अधूनमधून सगळी मोजणी शून्यापासून करून चालू आकड्यांशी ताडून पाहिली, की कुठला चौकोन चुकलाय ते लगेच सापडतं.