दुकानात डीएपी नाही, मग काय घ्यायचं? शिफारशीच्या किलोपासून गोणीपर्यंतचा हिशेब

मागच्या आठवड्यात हिंगोलीकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याचं म्हणणं असं, "दादा, पाच एकर सोयाबीन पेरायचंय. दुकानदार म्हणतो डीएपी संपलं, बारा-बत्तीस-सोळा घेऊन जा. शेजारचे काका म्हणतात सुपर फॉस्फेट टाक, स्वस्त पडतं. नक्की कोणाचं ऐकू?"

आजचा भाग याच प्रश्नावर. मी शेतीतज्ज्ञ नाही, कोड लिहून पोट भरतो. पण हा प्रश्न मुळात गणिताचा आहे आणि मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर सुटतो. ऐकताना आकडे निसटत असतील, तर इथे खाली सगळे लिहून ठेवलेत.

आधी शिफारस एकरात आणू

परभणीच्या कृषी विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक अशी आहे. हा आकडा हेक्टरचा आहे, आणि आपण बोलतो एकरात. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. म्हणून प्रत्येक आकड्याला २.५ ने भागायचं. एकरी १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १२ किलो पालाश आणि ८ किलो गंधक आले. हेक्टरचा आकडा चुकून एकराला लावला तर खर्च थेट अडीचपट होतो. त्यामुळे कुठलाही तक्ता बघताना "हेक्टरी" लिहिलंय की "एकरी", हे सगळ्यात आधी बघा.

तुमच्याकडे माती तपासणीचा अहवाल असेल, तर त्यातला डोस घ्या. या सर्वसाधारण शिफारशीपेक्षा तो तुमच्या शेताच्या जास्त जवळचा असतो. पुढची पद्धत तीच राहते.

गोणीवरचे आकडे काय सांगतात

गोणीवर १८:४६:० लिहिलेलं असतं. हे टक्के आहेत, आणि क्रम कायम नत्र, स्फुरद, पालाश असाच. म्हणजे १०० किलो डीएपीत १८ किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद. गोणी ५० किलोची, म्हणून एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. शिफारशीतला स्फुरद आणि गोणीवरचा स्फुरद एकाच पद्धतीने मोजलेला असतो, पालाशचंही तसंच. मध्ये वेगळं रूपांतर करावं लागत नाही.

आता सूत्र. एकच आहे, पाठ करून टाका:

खताचे किलो = हवे असलेले किलो × १०० ÷ गोणीवरचा टक्का

आपल्याला लागणाऱ्या खतांचे टक्के असे:

- युरिया: नत्र ४६
- सिंगल सुपर फॉस्फेट: स्फुरद १६, सोबत गंधक ११
- म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे आपलं लाल पोटॅश: पालाश ६०
- बेन्टोनाइट गंधक: गंधक ९०

एक लक्षात ठेवा, युरियाची गोणी ५० नाही, ४५ किलोची असते. बाकीच्या खतांसारखीच धरली तर हिशेब हुकतो.

सुरुवात स्फुरदापासून, युरिया सगळ्यात शेवटी

इथे क्रम महत्त्वाचा आहे. समजा आपण नत्रापासून सुरुवात केली आणि १२ किलो नत्र डीएपीतून घ्यायचं ठरवलं. १२ × १०० ÷ १८ म्हणजे जवळजवळ ६७ किलो डीएपी. त्यातून स्फुरद येतो सुमारे ३१ किलो, हवा होता २४. सात किलो स्फुरदाचे पैसे फुकट गेले.

म्हणून आधी स्फुरद भागवायचा. २४ × १०० ÷ ४६, म्हणजे ५२ किलो डीएपी. त्याच्यासोबत सव्वानऊ किलोच्या वर नत्र आपोआप आलं. मग पालाश: १२ × १०० ÷ ६०, म्हणजे २० किलो पोटॅश. आणि शेवटी जे अडीच किलोच्या आसपास नत्र उरलं, त्यासाठी साधारण ६ किलो युरिया. युरिया शेवटी ठेवायचा, कारण त्यात नत्राशिवाय दुसरं काही नाही. उरलेली फट तो बरोबर भरतो आणि दुसरा कुठला आकडा हलवत नाही.

सुपर फॉस्फेटने करायचं तर २४ × १०० ÷ १६, म्हणजे १५० किलो. एकरी तीन गोण्या. त्यात नत्र अजिबात नाही, म्हणून १२ किलो नत्र पूर्ण युरियातून घ्यावं लागतं, म्हणजे २६ किलो युरिया. पोटॅश तेच, २० किलो. पण या तीन गोण्यांमधून १६ किलो गंधक मिळतं. लागणार होतं ८. म्हणजे गंधक वेगळं घ्यायची गरजच नाही.

दुकानदाराच्या १२:३२:१६ चं बघू. २४ × १०० ÷ ३२, म्हणजे ७५ किलो. त्यात पालाश येतो बरोबर १२ किलो आणि नत्र ९ किलो. तीन किलो नत्रासाठी साडेसहा किलो युरिया. सोयाबीनच्या शिफारशीत हे खत छान बसतं. दुकानदार चुकीचं सांगत नव्हता. प्रश्न आहे तो किमतीचा.

आता पैसे: पाच एकराचा हिशेब

सुटं खत घ्यायला नको म्हणून किंमत पूर्ण शेताची काढायची आणि मग गोण्यांमध्ये राउंड करायची. एकरी २० किलो पोटॅश विचित्र वाटतं, पण पाच एकराला ते बरोबर दोन गोण्या होतात.

भाव मी असे धरलेत: युरिया २६६ रुपये ५० पैसे, डीएपी १३५०, सुपर फॉस्फेट ५५०, पोटॅश १७००, १२:३२:१६ ची गोणी १७००, आणि गंधक ८० रुपये किलो. सुपर, पोटॅश, मिश्रखत आणि गंधकाचे भाव कंपनीनुसार आणि हंगामानुसार बदलतात. तुमच्या गोणीवर छापलेली किंमत इथे टाका, पद्धत तीच.

पर्याय एक, डीएपी: ५ गोण्या डीएपी ६७५०, २ गोण्या पोटॅश ३४००, १ गोणी युरिया २६६.५०. एकूण १०,४१६.५०. पाच एकराला ४० किलो गंधक हवं. ते ४५ किलो बेन्टोनाइटमधून, ३६०० रुपये. सगळं मिळून १४,०१६.५०.

पर्याय दोन, सुपर फॉस्फेट: १५ गोण्या सुपर ८२५०, २ गोण्या पोटॅश ३४००, ३ गोण्या युरिया ७९९.५०. एकूण १२,४४९.५०. गंधक त्यातच आलं.

पर्याय तीन, १२:३२:१६: साडेसात गोण्या लागतात, म्हणजे ८ घ्याव्या लागतील, १३,६००. १ गोणी युरिया २६६.५०. गंधकाचे ३६००. एकूण १७,४६६.५०.

आता मजा बघा. गंधक बाजूला ठेवलं तर डीएपी दोन हजारांनी स्वस्त. गंधक हिशेबात घेतलं तर सुपर दीड हजारांनी स्वस्त. काका बरोबर आहेत, पण एका अटीवर: गंधक खरंच द्यायचं असेल तरच. "सुपरची गोणी ५५०, डीएपीची १३५०, म्हणून सुपर स्वस्त" हे कारण मात्र चुकीचं आहे. सुपरच्या गोणीत स्फुरद फक्त ८ किलो, डीएपीच्या गोणीत २३. जेवढ्या स्फुरदासाठी डीएपीची एक गोणी पुरते, तेवढ्याला सुपरच्या जवळजवळ तीन लागतात, १६५० रुपयांच्या. आणि डीएपीत वर ९ किलो नत्र आहे ते वेगळंच.

अजून एक गोष्ट. सुपरमधून पाच एकराला गंधक मिळतं ८० किलोच्या वर, पण लागतं ४०. म्हणून हिशेबात फक्त ४० किलोचे पैसे वाचले असं धरायचं. गरजेपेक्षा जास्त मिळालेल्या अन्नद्रव्याला किंमत लावली की कुठलंही खत स्वस्त दाखवता येतं.

मग सुपर कुठल्या भावापर्यंत परवडतं? उलटं गणित करा. गंधक द्यायचं असेल, तर वरच्या बाकी भावांवर सुपरची गोणी साधारण ६५० रुपयांपर्यंत परवडते. गंधक द्यायचं नसेल, तर ती ४१५ च्या खाली मिळाली तरच डीएपीपेक्षा स्वस्त. यात गाडीभाडं आणि हमाली धरायला विसरू नका. डीएपीच्या रस्त्याने आठ गोण्या आणि थोडं गंधक, सुपरच्या रस्त्याने वीस गोण्या. गावापासून दुकान लांब असेल तर हा फरक दीड हजारातला बराच हिस्सा खाऊ शकतो.

हिशेब बरोबर आला हे कसं ओळखायचं

शाळेत करायचो तसा ताळा करा. गोण्यांवरून उलटं जा. १५ गोण्या सुपर म्हणजे ७५० किलो, त्याचे १६ टक्के म्हणजे १२० किलो स्फुरद. पाच एकराला २४ × ५ म्हणजे १२०. जुळलं. डीएपीच्या ५ गोण्यांतून ११५ किलो येतो, पाच किलो कमी. म्हणजे एकरी एक किलो. एवढ्यासाठी सहावी गोणी घेऊ नका. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी गोणी राउंडच करतो. वीस-तीस टक्के फरक दिसला, तर एकर-हेक्टर किंवा ४५-५० किलोचा गोंधळ झालाय का ते बघा.

उरलेल्या युरियाचंही सांगतो. डीएपीच्या पर्यायात ४५ किलोच्या गोणीतून थोडा युरिया शिल्लक राहतो. तो संपवायचा म्हणून नंतर सोयाबीनवर फेकू नका. सोयाबीन मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतः मिळवतं, त्याला सुरुवातीपुरतंच नत्र लागतं. जास्त दिलं तर पानं माजतात. ती पिशवी तोंड बांधून कोरड्या जागी ठेवा, दुसऱ्या पिकाला लागेल. आणि सुपर व युरिया एकत्र करणार असाल तर पेरणीच्या दिवशीच करा. आदल्या रात्री मिसळून ठेवलं तर मिश्रणाला ओल सुटते, गोळे होतात आणि पेरणी यंत्राच्या नळ्या तुंबतात.

तर हिंगोलीच्या मित्रा, तुझं उत्तर असं. गंधक द्यायचंच आहे आणि सुपर साडेसहाशेच्या आत मिळतंय, तर काकांचं ऐक: १५ सुपर, २ पोटॅश, ३ युरिया. सुपर मिळालं नाही आणि पेरणी तोंडावर आली असेल, तर १२:३२:१६ घे, पिकाला ते चालतं. फक्त पाच हजार रुपये जास्त जातायत हे माहीत असू दे. आणि बिल घे, गोणीवरची किंमत बिलाशी जुळव.

तुमच्या पिकाची शिफारस आणि तुमच्या दुकानातले भाव पाठवा. पुढच्या भागात कपाशीचा हिशेब करू, त्यात नत्र हप्त्याहप्त्याने द्यायचं असतं, म्हणून गोण्यांचं गणित थोडं वेगळं होतं. भेटू!