कोनमापकाआधी कागदाची घडी

सहावीच्या वर्गात कोन मोजायला दिले की एक चूक हमखास सापडते. वहीतला कोन ६० अंशांचा, चांगला टोकदार दिसणारा; शेजारी मुलाने लिहिलेलं असतं १२०. निष्काळजीपणा म्हणून लाल रेघ मारली जाते, पण चुकीचं मूळ कोनमापकातच आहे. त्याच्या अर्धवर्तुळावर आकड्यांच्या दोन रांगा असतात. एक डावीकडून शून्यापासून वाढत जाते, दुसरी उजवीकडून. कोणती रांग वाचायची हे ठरवायचं तर समोरचा कोन काटकोनापेक्षा लहान की मोठा, हे आधी नजरेला कळावं लागतं. नेमकी ही नजर तयार होण्यापूर्वीच मुलांच्या हातात कंपासपेटी येते.

दुसरा गैरसमज भुजांचा. फळ्यावर हातभर लांब भुजा काढल्या तर तो कोन मोठा, वहीतला इवलासा कोन लहान, असं मुलं सरळ सांगून टाकतात. यावर शिंप्याची मोठी कात्री आणि घरातली छोटी कात्री पुरते. दोन्ही सारख्याच उघडायच्या आणि छोटी मोठीवर अशी ठेवायची की खिळ्यावर खिळा येईल. पाती एकावर एक बसतात. मोठीची फक्त पुढे लांबवर जातात. कोन म्हणजे एक पातं दुसऱ्यापासून किती फिरलं ते. पात्याच्या लांबीचा त्याच्याशी संबंध नाही.

कागदाचं काम इथून सुरू होतं, आणि त्यासाठी चांगला कापलेला कागद घेऊच नये. वर्तमानपत्राचा हाताने फाडलेला, वेड्यावाकड्या कडांचा तुकडा घ्यावा. आयते कोपरे असलेला कागद दिला तर मूल कोपऱ्याकडे बोट दाखवून मोकळं होतं. या तुकड्याला कुठेही एक घडी घातली की सरळ रेघ मिळते. तिच्यावर एक बिंदू घेतला तर त्या ठिकाणी १८० अंशांचा सरळकोन आहे. आता त्या बिंदूतून दुसरी घडी अशी घालायची की पहिल्या घडीचा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्यावर तंतोतंत बसेल. जो कोपरा तयार झाला तो काटकोन.

तो काटकोन आहे हे कशावरून? घडी घालताना दोन कोन एकमेकांवर बसले, म्हणून ते सारखे. दोघे मिळून सरळकोन होतात, म्हणून प्रत्येक ९० अंशांचा. कोनमापक आकडा सांगतो. घडी त्या आकड्याचं कारण हातात ठेवते. फाटक्या कागदातून नेमका काटकोन निघतो तेव्हा मुलांचा विश्वास बसत नाही, आणि तो बसू नये हेच बरं, कारण मग ती तपासायला निघतात.

तपासायला वर्गात भरपूर काही असतं: फळा, खिडकीची चौकट, फरशी, पुस्तक. गवंडी किंवा सुतार गुण्या लावतो तसा हा कागदी कोपरा लावायचा. पुस्तकाच्या कोपऱ्यावर तो ठेवून एक कड जुळवली आणि दुसऱ्या बाजूला पुस्तक कागदाबाहेर डोकावलं, तर पुस्तकाचा कोन काटकोनापेक्षा मोठा. कागदच पुढे आला तर लहान. पुस्तकाचं टोक झिजून गोल झालेलं असेल तर टोकाकडे न बघता कडांकडे बघावं.

साठ अंशांसाठी मात्र नीट कापलेला आयताकृती कागद लागतो. झेरॉक्सचा ए-फोर कागद उत्तम. तो उभा धरून डावी कड उजव्या कडेवर आणायची, मधोमध उभी घडी घालायची आणि कागद उघडायचा. खालच्या डाव्या कोपऱ्याला अ म्हणू, उजव्याला ब. आता ब उचलून मधल्या रेघेवर आणायचा, पण अशा बेताने की नवी घडी बरोबर अ मधून निघेल. ब रेघेवर जिथे टेकला तो बिंदू क. घडी नखाने दाबून घ्यायची. अ पाशी असलेल्या काटकोनाचे आता तीन सारखे भाग झालेले असतात, प्रत्येक ३० अंशांचा.

कारण पुन्हा घडीतच आहे. मधली रेघ अ आणि ब पासून सारख्याच अंतरावर आहे, म्हणून क पासून अ जेवढा लांब तेवढाच ब. शिवाय अक ही कड म्हणजे उचलून आणलेली अब हीच कड, म्हणून त्यांची लांबीही तीच. तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण झाला, त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. घडीने अ पाशी त्याचे दोन भाग केले, ३० आणि ३०. काटकोनातून ६० गेले की डाव्या कडेशी उरतात तेही ३०.

ही घडी बिघडते ती बहुतेक वेळा अ पाशी. घडी कोपऱ्यातून न जाता दोन-तीन मिलिमीटर बाजूने जाते आणि टोक बोथट होतं. काम जमलं की नाही, हे कोनमापकाशिवाय कळतं: कागदाची डावी बाजू अक या कडेवरून आत दुमडायची. सगळं बरोबर असेल तर डावी कड आधीच्या घडीवर चपखल बसते. फट राहिली किंवा कड घडीच्या पुढे गेली, तर पुन्हा सुरुवात. थोडी चूक मात्र पोटात घालावीच लागते. दहा सेंटीमीटर लांबीच्या भुजेचं टोक एक मिलिमीटर सरकलं तर कोन सुमारे अर्ध्या अंशाने बदलतो, म्हणून लहान चिटोऱ्यांपेक्षा मोठा कागद बरा. जाड कार्डशीट इथे नकोच, ती घडीपाशी फुगते.

तीस अंशांचे पुन्हा निम्मे केले की १५ मिळतात. घड्यांवर पेनाने १५, ३०, ४५ असे ९० पर्यंत आकडे लिहिले की मुलांचं स्वतःचं कागदी कोनमापक तयार. ते घेऊन जावं घड्याळाकडे. साडेतीन वाजता दोन काट्यांमध्ये किती अंश? बहुतेक मुलं ९० म्हणतात, कारण एक काटा तीनवर आणि दुसरा सहावर त्यांच्या डोळ्यांसमोर येतो. पण तासकाटा तासाला ३० अंश सरकतो, म्हणजे अर्ध्या तासात १५ अंश पुढे गेलेला असतो. उत्तर ७५. शाळेतलं पुठ्ठ्याचं घड्याळ इथे दगा देतं: त्याचे काटे सुटे असतात, त्यामुळे तासकाटा तीनवरच राहतो आणि चुकीचं उत्तर बरोबर दिसतं. चालू टेबलघड्याळ आणून त्याच्या काचेवर कागदाचा कोन धरला, की वाद मिटतो.

कागदाच्या घड्यांमधून भूमिती उभी करण्याचं काम भारतात जुनं आहे. टी. सुंदर राव यांचं याच विषयावरचं इंग्रजी पुस्तक १८९३ मध्ये मद्रासला छापलं गेलं. त्याची कल्पना त्यांना बालवाडीच्या खेळातल्या रंगीत चौकोनी कागदांवरून सुचली होती. जर्मन गणिती फेलिक्स क्लाईन यांनी आपल्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला, आणि १९०१ मध्ये ते शिकागोहून पुन्हा निघालं.

वर सांगितलेल्या घड्यांतून १५ च्या पटीतले कोन येतात, अर्धे करत गेलं तर साडेसात वगैरेही. वीस किंवा चाळीस येत नाहीत. त्यासाठी ६० चे तीन सारखे भाग करावे लागतात, आणि पट्टी व कंपास एवढ्यावर ते अशक्य आहे, हे फ्रेंच गणिती वांत्झेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केलं. गंमत अशी की कागदाला ते जमतं. त्यासाठी एकाच घडीत दोन बिंदू दोन वेगवेगळ्या रेघांवर एकाच वेळी आणावे लागतात. एक बिंदू बसवताना दुसरा निसटतो, त्यामुळे सहावी-सातवीत ही घडी शिक्षकांनीच मोठ्या कागदावर करून दाखवलेली बरी. रोजच्या चाळीस अंशांसाठी कंपासपेटीतलं कोनमापकच काढावं, आणि आकडा वाचण्याआधी कागदी कोपरा एकदा शेजारी ठेवून बघावा.