साखर गेली, गूळ आला

मधुमेह कळल्यावर साखर सोडली आणि चहात गूळ घालायला सुरुवात केली, असे अभिमानाने सांगणारे रुग्ण दवाखान्यात नेहमी भेटतात. भिंतीवर लावायच्या यमकांची सुरुवात म्हणूनच तिथून करावी:

साखर गेली, गूळ आला,
आकडा कुठे कमी झाला?

गुळात मुख्यतः उसाचीच साखर असते. थोडीफार खनिजे असली, तरी रक्तातली साखर त्याने चढतेच. ‘गोड खाऊ नका’ ही पाटी वाचून रुग्ण मान डोलावतो आणि घरी जाऊन गुळाचाच चहा पितो. दोन ओळींत नेमकी चूक पकडली, तरच पाटीचा उपयोग.

दुसरी चूक ताटातली. अर्धे ताट भाजी-कोशिंबीर, उरलेल्या अर्ध्यात निम्मी डाळ-उसळ आणि निम्मी भाकरी किंवा भात, हे प्रमाण डॉक्टर सांगतात. रुग्ण ते पाळतोही, पण अर्धे ताट बटाट्याच्या भाजीने भरतो. बटाट्यात भाकरीसारखाच भरपूर स्टार्च असतो, त्यामुळे जेवणानंतरचा आकडा वाढतो. त्यासाठी:

बटाटा नाही भाजीत,
मोजा त्याला भाकरीत.

रताळे आणि साबुदाणाही याच हिशेबात धरायचे. उपासाच्या दिवशी हे हमखास विसरले जाते.

मात्र ‘साखर म्हणजे विष’ असे यमक भिंतीवर लावणे धोक्याचे आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतल्या आणि जेवायला उशीर झाला, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, बोलणे अडखळते. अशा वेळी पथ्याच्या भीतीने साखर नाकारणारी माणसे असतात. त्यांच्यासाठी चार ओळी:

घाम, थरथर, आली चक्कर,
पाण्यात तीन चमचे साखर;
पंधरा मिनिटे थांबा जरा,
पुन्हा तपासा, मग जेवण करा.

चहाचे तीन भरलेले चमचे म्हणजे सुमारे 15 ग्रॅम साखर. पंधरा मिनिटांनंतरही आकडा 70 च्या खालीच असेल, तर पुन्हा तेवढीच घ्यायची. पेढा किंवा चॉकलेट इथे कामाचे नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना मात्र ग्लुकोज पावडरच द्यावी, कारण ही औषधे साध्या साखरेचे पचन रोखून धरतात. एवढा अपवाद यमकात बसत नाही. तो डॉक्टरांनी तोंडी सांगावा आणि औषधाच्या चिठ्ठीवर लिहून द्यावा.

या चार ओळी दवाखान्यापेक्षा घरात जास्त लागतात. मधुमेहामुळे नजर अधू झालेल्यांनाही वाचता येतील अशा ठळक अक्षरांत छापून त्यांची एक प्रत प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना द्यावी. खाली एक ओळ साध्या गद्यात असावी: माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नका, ताबडतोब 108 ला फोन करा.