मालाडहून तारापूरला नोकरी: रात्रपाळीत रिॲक्टरचं तापमान उतरलं तर इंजिनिअरने काय ओळखायचं?

मालाड, कांदिवली, बोरिवली पट्ट्यातली केमिकल इंजिनिअरिंगची मुलं पहिली नोकरी शोधताना दोन दिशांना पाहतात. एक दिशा पवई, अंधेरीकडच्या ऑफिसांची. दुसरी पश्चिम रेल्वेने उत्तरेला, बोईसर स्टेशनवर उतरून तारापूर एमआयडीसीची. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जायला लागली, तेव्हापासून मालाडला घर ठेवून तारापूरला नोकरी करणं निदान शक्य झालं. सोपं मात्र नाही. डहाणूच्या गाड्या मोजक्याच, आणि एक चुकली की शिफ्ट चुकते. त्यामुळे बरेच जण सहा महिन्यांत बोईसरला तिघा-चौघांत खोली घेतात आणि सुट्टीला घरी येतात.

त्याच प्लांटमध्ये पालघर, विक्रमगड, डहाणू भागातली आयटीआय झालेली मुलं ऑपरेटर असतात. केमिकल प्लांट ऑपरेटरचा आयटीआयचा ट्रेडच आहे, एओसीपी नावाचा. मुंबईचा पदवीधर आणि तालुक्यातला ऑपरेटर यांची जोडी रात्री अकरा ते सकाळी सात एकाच रिॲक्टरसमोर उभी असते. कागदावर इंजिनिअर वरचा. पण रिॲक्टरच्या आवाजावरून काय बिघडलंय ते ओळखणारा बहुतेक वेळा दहा वर्षांचा ऑपरेटर असतो. नव्या इंजिनिअरने पहिल्या महिन्यात त्याच्याकडून शिकलं नाही, तर पुढे ते शिकवायला कुणी मिळत नाही.

या नोकरीत इंजिनिअरची खरी जबाबदारी काय असते, ते एका रात्रीच्या उदाहरणावरून पाहू. आकडे हिशोबासाठी घेतलेले आहेत, पण तारापूर, डोंबिवली, महाड, लोटे अशा ठिकाणी असे बॅच रोज चालतात.

थंड होणारा रिॲक्टर

६.३ किलोलिटरचा, म्हणजे ६,३०० लिटरचा ग्लास लाइन्ड रिॲक्टर. आत टोल्युइन सॉल्व्हंटमध्ये ४,००० किलो माल. त्यात वरच्या डोझिंग टँकमधून दुसरं रसायन हळूहळू सोडायचं: एकूण ४०० किलो, चार तासांत. म्हणजे तासाला १०० किलो. तापमान ६० अंश ठेवायचं. रसायन पडलं की लगेच प्रक्रिया होते आणि उष्णता निघते, ती बाहेरच्या जॅकेटमधलं पाणी घेऊन जातं.

उष्णता किती? पडणाऱ्या प्रत्येक किलोमागे १,५०० किलोज्यूल धरू. तासाला १०० किलो म्हणजे साधारण ४२ किलोवॉट. घरातल्या ४०-४२ इस्त्र्या एकदम चालू ठेवल्यासारखं. जॅकेट सुमारे ८० किलोवॉट काढू शकतं. म्हणजे दुप्पट सोय आहे, काळजी नाही.

चार तास लावून हळू सोडायचं कारण हेच. लॅबमध्ये एक लिटरच्या फ्लास्कमध्ये हीच प्रक्रिया अर्ध्या तासात होते आणि काही बिघडत नाही, कारण लहान भांड्याला आतल्या मालाच्या मानाने भिंत खूप मोठी असते. भांडं ६,३०० पट मोठं केलं की माल ६,३०० पट वाढतो, पण भिंत तेवढी वाढत नाही. दर लिटरमागे थंड करणारी भिंत सुमारे अठरा पट कमी होते. लॅबमधला केमिस्ट प्लांटवाल्यांना ‘इतके हळू का चालता’ म्हणतो, तेव्हा उत्तर एवढंच असतं.

आता रात्री बाराला डोझिंग सुरू झालं. एक वाजता ॲजिटेटरचं, म्हणजे आतल्या ढवळणीचं कपलिंग सुटलं. मोटर फिरतेय, पण आतला दांडा फिरत नाही. कंट्रोल पॅनलवर ‘ॲजिटेटर रनिंग’चा हिरवा दिवा तसाच चालू, कारण तो दिवा मोटरचा आहे, पात्याचा नाही. वरून रसायन पडतच राहतं. पण ढवळणी नाही म्हणून ते मालात मिसळत नाही, एका थरात साचतं. प्रक्रिया थांबते, उष्णता निघायची थांबते, आणि तापमान उतरू लागतं. ६०, ५९, ५८. दोन वाजता ५६.

गोंधळ इथेच होतो. रात्रीच्या दोनला, डोळे जड झालेले असताना, तापमान उतरतंय हे पाहून माणसाला हायसं वाटतं. वाढलं असतं तर सगळे धावले असते. उतरलं म्हणून ऑपरेटर कूलिंग बंद करतो आणि ६० वर आणायला जॅकेटला स्टीम सोडतो. बॅच शीटवर ६० लिहिलेलं असतं, तो तेच पाळतोय.

पण रिॲक्टर थंड होत असेल आणि डोझिंग चालू असेल, तर रसायन कुठे जातंय हा प्रश्न आहे. ते कुठेच गेलेलं नाही, आत साचलंय. दोन वाजेपर्यंत १०० किलो. कुणीतरी कपलिंग जोडून ॲजिटेटर पुन्हा सुरू केला, तर ते १०० किलो एकदम मिसळणार. दहा मिनिटांत सगळं लागलं तर उष्णतेचा वेग २५० किलोवॉट. जॅकेट काढणार ८०. तापमान ५६ वरून ७४ पर्यंत जाऊ शकतं. वाईट, पण सावरता येण्यासारखं.

चार वाजेपर्यंत कुणी पाहिलंच नाही तर साठा ३०० किलो. मग वाढ ५० अंशांहून जास्त, म्हणजे तापमान १०७ च्या आसपास. टोल्युइन ११० अंशांना उकळतं. मध्ये स्टीम देऊन माल ६५ पर्यंत तापवलेला असेल, तर ती सीमा ओलांडली. उकळणारं सॉल्व्हंट व्हेंटमधून बाहेर पडतं, त्याला ठिणगी मिळाली की पुढचं सांगायला नको. दोन वाजता आणि चार वाजता पाहणं यात फरक एवढा आहे.

कशावरून ओळखायचं

तीन आकडे एकत्र पाहायचे. पहिला ॲजिटेटरच्या मोटरचा ॲम्पिअर. १८ असायचा तो अचानक ९-१० झाला, तर मोटर रिकामी फिरतेय. दुसरा जॅकेटचं पाणी. आत जाताना आणि बाहेर येताना दोन्हीकडे जवळपास तेच तापमान असेल, तर आत उष्णता तयार होत नाहीये. तिसरं खुद्द रिॲक्टरचं तापमान, डोझिंग चालू असूनही उतरणारं. एकटा एक आकडा फसवू शकतो, तिन्ही एकाच दिशेला असले तर फसवत नाहीत.

मग पहिलं काम डोझिंगचा व्हॉल्व्ह बंद करणं. स्टीम द्यायची नाही. कूलिंग चालू ठेवायचं. ॲजिटेटर पुन्हा सुरू करायचा नाही, मेंटेनन्सवाला ‘दोन मिनिटांत जोडतो साहेब’ म्हणाला तरी नाही. प्लांट इनचार्जला झोपेतून उठवायचं. साठा किती आणि तो कसा संपवायचा, हा निर्णय हिशोब करून घेतला जातो. प्रत्येक प्रक्रियेचं उत्तर वेगळं असतं आणि ते आधीच लिहून ठेवलेलं असायला हवं.

नव्या इंजिनिअरची कसोटी व्हॉल्व्ह बंद करण्यात नसते, फोन करण्यात असते. बॅच उशिरा झाला तर सकाळी विचारणा होणार हे त्याला माहीत असतं. रात्री अडीचला केलेल्या फोनवर साहेब चिडतात की ‘बरं केलंस’ म्हणतात, यावरून त्या प्लांटची सुरक्षा कशी आहे ते कळतं. गेटवरच्या फलकावरून कळत नाही.

लॉगबुकमधली एक ओळ

शिफ्ट बदलताना अजून एक जागा निसटते. सकाळचा रिलिव्हर आला, रात्रीचा माणूस बोईसरची गाडी पकडायच्या घाईत. ‘तापमान जरा लो होतं, बाकी ओके’ एवढं सांगून तो निघतो. ‘दोन वाजता ५६, डोझिंग बंद, १०० किलो साठा, ॲजिटेटर सुरू करू नये’ असं लॉगबुकात लिहायला दोन मिनिटं लागतात. ते लिहिलं नसेल तर सकाळचा माणूस सद्भावनेने ॲजिटेटर चालू करतो. रिलिव्हर आलाच नाही तर रात्रीच्याला दुसरी शिफ्ट करावी लागते, कारण रिॲक्टर सोडून जाता येत नाही. सोळा तास जागलेल्या माणसाला तीन आकडे एकत्र दिसत नाहीत. ही तक्रार तालुक्यातल्या ऑपरेटर मुलांची जास्त असते आणि ती आळसाची समजू नये.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये १९ डिसेंबर २००७ रोजी टी-टू लॅबोरेटरीज या छोट्या कंपनीत रिॲक्टरचं कूलिंग बिघडलं. पर्यायी कूलिंग नव्हतं. तापमान एका मर्यादेपुढे गेल्यावर आतल्या सोडियमची सॉल्व्हंटशीच दुसरी प्रक्रिया सुरू झाली आणि रिॲक्टर फुटला. चार जण गेले. त्यात कंपनीचा सहमालक होता, तो स्वतः केमिकल इंजिनिअर. तो १७५ वा बॅच होता. आधीचे १७४ पार पडले म्हणून १७५ वा सुरक्षित, हे गणित या धंद्यात चालत नाही. डोंबिवली एमआयडीसीने २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यात स्फोट पाहिले, तारापूरने जानेवारी २०२०मध्ये. कारणं वेगवेगळी, पण आसपास राहणाऱ्यांना कारखान्यात काय शिजतंय हे त्याच दिवशी कळलं.

पुढे काय होता येतं

ट्रेनी, शिफ्ट इंजिनिअर, शिफ्ट इनचार्ज, प्लांट इनचार्ज ही उत्पादनाची शिडी सगळ्यांना माहीत असते. दुसरी वाट टेक्निकल सर्व्हिसेस किंवा प्रोसेस सेफ्टीची. तिथे काम बदलतं. शिफ्ट इंजिनिअर दोन वाजता व्हॉल्व्ह बंद करतो. टेक्निकल माणूस दुसऱ्या दिवशी विचारतो, की तो बंद करायला माणूस का लागला? मग तो इंटरलॉक बसवतो: ॲम्पिअर १४ च्या खाली गेला किंवा तापमान ५७ च्या खाली आलं, की डोझिंग आपोआप बंद. बॅच शीटमध्ये ‘तापमान कमी असल्यास स्टीम द्या’ ही ओळ खोडून ‘तापमान कमी असल्यास डोझिंग थांबवा’ असं लिहितो. आणि कुणी उत्पादनासाठी इंटरलॉक बायपास करायला आलं, तर लेखी परवानगी आणि मुदत मागतो.

हॅझॉप नावाच्या बैठकीत हेच पद्धतशीर चालतं. प्रत्येक पाइपलाइन घेऊन ‘प्रवाह नसेल तर, जास्त असेल तर, उलटा असेल तर’ असे प्रश्न विचारतात. ती बैठक चालवणारा बहुधा असाच माणूस असतो, ज्याने काही वर्षं रात्रपाळी केलेली आहे. थेट ऑफिसातून आलेल्याला हिरवा दिवा मोटरचा आहे हे माहीत नसतं. म्हणून मालाडच्या ज्या मुलाला पुढे पवईत डिझाइन करायचंय, त्यालाही दोन-तीन वर्षं बोईसर वाया जात नाहीत.

ऑपरेटरलाही वाट आहे. नोकरी सांभाळून डिप्लोमा केलेले ऑपरेटर शिफ्ट इनचार्ज होतात, आणि ॲम्पिअर पडला की पॅनलकडे न बघता रिॲक्टरजवळ जाऊन कपलिंग पाहणारे तेच असतात. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण घातलं गेलं, त्यात धोका दिसला तर कामगाराने तो थेट व्यवस्थापनापुढे मांडण्याचा हक्क लिहिला गेला. मुलाखतीला जाणाऱ्याने पगार आणि बसबरोबर एक प्रश्न विचारावा: गेल्या वर्षभरात रात्रपाळीने स्वतःहून किती बॅच थांबवले? ‘एकही नाही’ असं अभिमानाने सांगितलं, तर दुसरीकडेही अर्ज टाकून ठेवावा.