रात्रपाळीची नोंद, सकाळचा एजंट आणि कोरे एआय सत्र

कॉल सेंटरमध्ये पाळी बदलते तेव्हा काही तक्रारी अर्ध्यावर असतात. जाणारा एजंट घरी जातो, येणारा हेडसेट लावतो, आणि तक्रार एकाकडून दुसऱ्याकडे जाते ती बहुतेक वेळा तिकिटावर टाइप केलेल्या चार-पाच ओळींमधून. या ओळींना हॅण्डओव्हर नोट म्हणतात. अलीकडे तिला आणखी एक वाचक मिळाला आहे. येणारा एजंट ती नोंद कंपनीने दिलेल्या एआय साधनात टाकतो आणि प्रकरणाचा सारांश, ग्राहकाला पाठवायच्या उत्तराचा मसुदा किंवा पुढची पायरी विचारतो. साधन सीआरएमशी जोडलेले नसेल तर नव्या सत्रासमोर त्या नोंदीपलीकडे काहीच नसते. आधीचा कॉल, ग्राहकाचे खाते, काल दुसऱ्या एजंटने दिलेले आश्वासन, यांतले काहीही त्याला ठाऊक नसते. म्हणूनच अपुऱ्या नोंदीचा दोष इथे सर्वांत आधी उघडा पडतो.

बँकेच्या कॉल सेंटरमध्ये नेहमी येणारी तक्रार घेऊ: एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून वजा झाले. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत खात्यात परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला, तर बँकेने रोज १०० रुपये भरपाई द्यायची असते आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. इथे दिवस कॅलेंडरचे धरतात, कामाचे नव्हे. तक्रारीचे सगळे गणित व्यवहाराच्या तारखेवर उभे असते.

अशा एका काल्पनिक प्रकरणात रात्रपाळीचा एजंट ९ मार्च २०२६ रोजी सकाळी लिहून गेला: ‘ग्राहक खूप चिडला आहे. परवा रात्रीची एटीएम केस. १०,००० अडकले. बॅकएंडला सांगितले आहे. ५ दिवस सांगितले. फॉलोअप करणे.’

लिहिणाऱ्याच्या डोक्यात कॉल ताजा असल्याने त्याला ही नोंद पुरेशी वाटली. येणाऱ्या एजंटला ‘परवा’ नेमके कोणत्या तारखेपासून मोजायचे हे कळत नाही. ‘५ दिवस’ कोणी सांगितले, कामाचे की कॅलेंडरचे, हेही नाही. माणूस निदान खात्याचा उतारा उघडून पाहील. त्यात त्याला दहा हजारांचे दोन व्यवहार दिसतील आणि तो थबकेल. कोरे सत्र थबकेलच असे नाही. ते रिकाम्या जागा शक्य वाटणाऱ्या मजकुराने भरून काढू शकते: ‘आपली रक्कम पाच कामकाजाच्या दिवसांत जमा होईल.’ वाक्य सफाईदार असते, आणि चुकीचे. एजंटने ते तसेच पाठवले, तर बँकेच्या नावाने एक खोटे आश्वासन ग्राहकाच्या हातात पडते.

हीच नोंद पुढीलप्रमाणे लिहिता येते.

‘सद्यस्थिती, ९ मार्च २०२६, सकाळी ६.३०: रक्कम परत आलेली नाही, विवाद दाखल आहे. सिस्टिममध्ये दिसते: ७ मार्च २०२६, रात्री १२.१० वाजता दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर १०,००० रु. वजा, आरआरएनचे शेवटचे चार अंक ४४१७. रात्री १२.१६ वाजता आणखी १०,००० रु. वजा, शेवटचे अंक ४४५२. ग्राहक सांगतो: पहिल्या यंत्रातून पैसे आले नाहीत, शेजारच्या यंत्रातून आले. वाद फक्त ४४१७ चा. झालेले काम: ७ मार्चला विवाद दाखल, तिकीट हेच. पुन्हा दाखल करू नये. आश्वासन: ७ मार्चला एजंटने “पाच कामकाजाचे दिवस” सांगितले, ते चुकीचे. ९ मार्चला दुरुस्त करून १२ मार्च सांगितले. माहीत नाही: एटीएमच्या बँकेचे उत्तर. पुढे: १२ मार्चला जमा तपासणे. जमा नसेल तर विवाद विभागाकडे एस्कलेट करून ग्राहकाला फोन.’

फरक केवळ लांबीचा नाही. ग्राहक ‘सहा तारखेच्या रात्री’ म्हणत होता, कारण तो सहा तारखेला रात्री घराबाहेर पडला होता. व्यवहार मात्र मध्यरात्रीनंतरचा, म्हणजे सात तारखेचा. त्यामुळे मुदत १२ मार्चपर्यंत आणि भरपाई १३ मार्चपासून. कामाचे दिवस मोजले असते तर मधला रविवार सोडावा लागून तारीख एक दिवस पुढे गेली असती. ‘काल’, ‘परवा’, ‘तो’, ‘तेच प्रकरण’ हे शब्द पाळीपुरतेच अर्थपूर्ण असतात. नोंदीत त्यांच्या जागी तारीख, वेळ आणि क्रमांक यायला हवेत.

दुसरी कळीची गोष्ट म्हणजे सिस्टिममध्ये दिसणारे, ग्राहकाने सांगितलेले आणि अजून न कळलेले यांची फारकत. यंत्रातून पैसे खरोखर आले नाहीत का, हे एजंटला ठरवता येत नाही. ते एटीएमच्या इलेक्ट्रॉनिक जर्नलमधून आणि यंत्रातल्या रोकडीचा ताळा जुळवून त्या यंत्राची बँक ठरवते. ‘पैसे आले नाहीत’ असे नुसते लिहिले, तर सारांशात तो दावा सिद्ध झालेली वस्तुस्थिती म्हणून उतरू शकतो. ‘माहीत नाही’ ही ओळ तर कोऱ्या सत्रासाठी फार मोलाची आहे. जागा रिकामी आहे असे स्पष्ट लिहिलेले असले की ती कल्पनेने भरली जाण्याची शक्यता कमी होते.

जुन्या नोंदींचा घोळ वेगळाच. तिकिटावर सात-आठ नोंदी साचतात आणि एजंट त्या सगळ्या एकत्र चिकटवतो. त्यात ७ मार्चचे चुकीचे आश्वासन आणि ९ मार्चचे दुरुस्त केलेले, दोन्ही असतात. कोणते लागू आहे हे लिहिलेले नसेल, तर एआय कोणतेही एक उचलू शकते. सद्यस्थिती सर्वांत वर असावी आणि जुनी चूक नाव घेऊन रद्द केलेली असावी. नुसती पुसून टाकली तर ग्राहक १३ मार्चची आठवण करून देईल तेव्हा पुढचा एजंट बुचकळ्यात पडतो.

काही गोष्टी नोंदीत येताच कामा नयेत: पूर्ण कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही, पिन, ओटीपी. ग्राहकाने स्वतःहून सांगितले तरीही नाही. नोंद फक्त बँकेने परवानगी दिलेल्या साधनातच टाकायची, कोणत्याही खुल्या चॅटबॉटमध्ये नाही. ‘खूप चिडला आहे’ यापेक्षा ‘दोनदा फोन करूनही वेगवेगळ्या तारखा मिळाल्या म्हणून नाराज’ हे उपयोगी, कारण त्यातून पुढच्या एजंटला माफी कशाची मागायची ते कळते.

नोंद पुरेशी आहे का, हे तपासण्याची साधी रीत आहे. नवे सत्र उघडून केवळ ती नोंद द्यावी आणि केवळ तिच्याच आधारे तीन प्रश्नांची उत्तरे मागावीत: वाद कोणत्या व्यवहाराचा, ग्राहकाला काय कबूल केले आहे, आणि पुढचे काम कोणत्या तारखेला. नोंदीत नसेल तिथे ‘नोंदीत नाही’ लिहायला सांगावे. वरच्या पहिल्या नोंदीवर तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचे नेमके उत्तर मिळत नाही. दुसरीवर ४४१७, १२ मार्चपर्यंत रक्कम आणि १२ मार्चची तपासणी अशी उत्तरे मिळतात. ही चाचणी नोंद पूर्ण आहे की नाही एवढेच दाखवते, ती खरी आहे का हे नाही. आरआरएनचा एक अंक चुकला, तर सारांशातही तोच चुकीचा अंक ठामपणे येतो. म्हणून रक्कम, तारीख आणि क्रमांक येणाऱ्या एजंटने सीआरएममध्ये स्वतः पडताळायचे असतात.

रक्कम १४ मार्चला जमा झाली, तर शेवटच्या नोंदीत तीन गोष्टी लागतात: जमा झाल्याची तारीख, १३ आणि १४ मार्चची मिळून २०० रुपयांची भरपाई जमा आहे की नाही, आणि ग्राहकाला कधी कळवले. भरपाई दिसत नसेल तर तिकीट उघडेच राहते.