काडीवरचे तीन आकडे

चष्मा काढून त्याची काडी आतल्या बाजूने उजेडात धरा. बारीक छपाईत एक ओळ दिसेल. त्यात फ्रेमचं मॉडेल असतं, रंगाचा कोड असतो आणि त्यांच्याच आजूबाजूला ५२□१८ १४० असे तीन आकडे असतात. काही फ्रेमवर ते नाकावरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला सापडतात. पुष्कळांना हा आपल्या डोळ्यांचा नंबर वाटतो, पण डोळ्यांच्या नंबराशी त्यांचा काही संबंध नाही. ही फ्रेमची मापं आहेत आणि तिन्ही मिलिमीटरमध्ये आहेत. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं अंतर आणि तिसरा काडीची लांबी.

मधला छोटा चौकोन शोभेचा नाही. गोल, चौकोनी, मांजरडोळी अशा नाना आकारांच्या काचा एकाच पद्धतीने कशा मोजायच्या, हा चष्म्याच्या धंद्यातला जुना प्रश्न. त्यावरचा तोडगा असा की काचेच्या भोवती, तिच्या चारही कडांना टेकेल असा एक आयत कल्पायचा आणि काचेऐवजी तो आयत मोजायचा. चौकोनाची खूण म्हणजे मापं या पद्धतीने घेतली आहेत, असं सांगणं. खूण नसेल आणि नुसतं ५२-१८ छापलेलं असेल, तरी अर्थ बहुधा तोच असतो.

ही मापं घरच्या पट्टीने ताडून पाहिली, तर छापलेल्या ५२ च्या जागी ५१ भरतील. त्यात छपाईची चूक नसते. काच फ्रेमच्या आतल्या खाचेत बसते आणि माप खाचेच्या तळापासून धरलेलं असतं. आपल्याला दिसते ती फक्त उघडी जागा, म्हणून दोन्ही बाजूंना मिळून साधारण एक मिलिमीटर कमी भरतो.

या आकड्यांचा खरा उपयोग पहिल्या दोघांच्या बेरजेत आहे आणि दुकानात ती सहसा कोणी करून दाखवत नाही. ५२ आणि १८ मिळून ७०. म्हणजे या फ्रेममध्ये एका काचेच्या मध्यापासून दुसऱ्या काचेच्या मध्यापर्यंत ७० मिलिमीटर अंतर आहे. आता हे आपल्या दोन बाहुल्यांमधल्या अंतराशी लावून पाहायचं. हे अंतर, दुकानाच्या भाषेत पीडी, डोळे तपासताना मोजता येतं, पण कागदावर ते बऱ्याचदा लिहिलेलं नसतं, म्हणून मागून घ्यावं. मोठ्या माणसांत ते बहुतेक वेळा साठीच्या आसपास असतं. फ्रेमचं अंतर बाहुल्यांच्या अंतराहून जितकं जास्त, तितके डोळे काचेच्या मध्यापासून नाकाकडे सरकलेले राहतात. भिंगाचा केंद्रबिंदू मात्र बाहुलीसमोरच यायला हवा. म्हणून काच कापताना कारागीर तो केंद्रबिंदू आत सरकवतो आणि त्याची किंमत बाहेरच्या कडेला मोजावी लागते.

ती किंमत किती, हे एका उदाहरणावर पाहू. एका कॉलेजातल्या मुलीचा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस ६ आहे आणि बाहुल्यांमधलं अंतर ६२. तिला मोठ्या काचांची ५४□१८ फ्रेम आवडली आहे. बेरीज ७२. तिच्या अंतरापेक्षा ती १० ने जास्त, म्हणजे प्रत्येक काचेत केंद्रबिंदू ५ मिलिमीटर आत सरकवावा लागणार. काचेची अर्धी रुंदी २७, त्यात ते ५ मिळवले की केंद्रबिंदूपासून कानाकडच्या कडेपर्यंत ३२ मिलिमीटर होतात. मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते आणि ही जाडी केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साध्या प्लास्टिकच्या काचेत मध्ये २ मिलिमीटर जाडी धरली, तर तिची बाहेरची कड सुमारे ८ मिलिमीटर होईल. तिथेच शेजारी ठेवलेली ४८□१८ फ्रेम घेतली, तर बेरीज ६६, सरकवायचं फक्त २ मिलिमीटर, बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर २६ आणि कड सुमारे ६ मिलिमीटर. काचेच्या रुंदीत ६ मिलिमीटरचा फरक, पण जाडी पाव हिश्श्याने उतरली. महागडी पातळ काच घेण्याआधी हा हिशोब करावा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. ज्यांचा नंबर एक-दीडच्या आत आहे त्यांनी मनाला येईल ती फ्रेम घ्यावी, त्यांना फरक जाणवणारही नाही.

बेरीज सारखी असली म्हणून फ्रेमही सारखी बसेल असं नाही. ५२□१८ आणि ५०□२० या दोन्हींची बेरीज ७०, पण दुसरीचा नाकावरचा भाग जास्त रुंद आहे. प्लास्टिकच्या फ्रेममध्ये नाकाचा आधार फ्रेममध्येच घडवलेला असतो. तो वाकवता येत नाही, म्हणून तिथे एक-दोन मिलिमीटरही जाणवतात. आधार अरुंद असेल तर चष्मा नाकाच्या दोन्ही बाजूंना रुततो, रुंद असेल तर खाली घसरतो आणि गालांना टेकतो. धातूच्या फ्रेमला वेगळे नोज पॅड असतात आणि ते चिमट्याने आतबाहेर करता येतात, त्यामुळे तिथे दुसऱ्या आकड्याला एवढं महत्त्व नाही. आणखी एक मर्यादा अशी की हा आकडा दोन काचांमधलं कमीत कमी अंतर सांगतो, नाकाचा उतार सांगत नाही. म्हणून दोन कंपन्यांच्या १८ लिहिलेल्या फ्रेम एकाच नाकावर वेगवेगळ्या बसू शकतात. जुन्या चष्म्याचा आकडा पाहून ऑनलाइन मागवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

तिसरा आकडा बिजागरीपासून काडीच्या टोकापर्यंतचा. मागचं वळण सरळ केलं तर भरेल तेवढी पूर्ण लांबी तो सांगतो. बहुतेक फ्रेम १३५, १४०, १४५ किंवा १५० च्या असतात. मात्र काडी वळते कुठे, हे त्यात कळत नाही आणि चष्मा टिकतो तो त्या वळणावर. वळण कानाच्या माथ्यावर आलं पाहिजे. ते कानाच्या मागे गेलं तर काडीला पकड राहत नाही आणि खाली वाकलं की चष्मा घसरतो. अशा वेळी लोक काड्या आत दाबून घट्ट करून घेतात. मग कानशिलांवर वळ उठतात आणि घसरणं काही थांबत नाही. जाणकार चष्मेवाला काडी गरम हवेवर मऊ करतो आणि वळण पुढे आणतो. दोन मिनिटांचं काम आहे. उलट काडी आखूड असेल आणि वळण मागे न्यावं लागलं, तर कानामागे धरायला पुरेसा तुकडा उरत नाही. तिथे मोठ्या मापाची फ्रेम घेण्यावाचून उपाय नाही.

या तीन आकड्यांत दोन गोष्टी सहसा नसतात. एक म्हणजे फ्रेमची संपूर्ण रुंदी. रुंद चेहऱ्याच्या माणसाला लहान काचा चालतात, फक्त काचेच्या बाहेरचा, बिजागरीकडचा भाग पुढे आलेला असला पाहिजे. तो घालूनच कळतो. दुसरी म्हणजे काचेची उंची. ज्यांना लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून पाहायचं आहे, म्हणजे प्रोग्रेसिव्ह काच घ्यायची आहे, त्यांना ही उंची सगळ्यात आधी पाहावी लागते. बाहुलीच्या खाली वाचनाच्या भागाला पुरेशी जागा नसेल, तर तो भाग काच कापतानाच निघून जातो. अशांनी फ्रेम पसंत करण्याआधी काचेच्या वरच्या खाचेपासून खालच्या खाचेपर्यंत पट्टी लावावी आणि घेत असलेल्या काचेला बाहुलीपासून खाली किती मिलिमीटर लागतात, ते चष्मेवाल्याला विचारावं.