‘सौ.’ खोडल्यावर

पॉलिसीच्या नोंदीत नॉमिनीचं नाव ‘सौ.’ लावून असतं आणि तसंच उचललं जाऊन ईमेलच्या मायन्यात येतं. नवरा जाऊन आठवडा झालेल्या बाईला विमा कंपनी ‘सौ.’ म्हणते! क्लेमच्या टेबलावर बसणाऱ्याने आधी ते खोडून ‘श्रीमती’ करावं, मग कागद मागावेत.

मागायचे ते सगळे एकदमच. आज एक, पंधरा दिवसांनी दुसरा असं तुकड्यातुकड्याने मागू नये, हा विमा नियामकाचाच दंडक आहे. पण एकदम म्हणजे सरसकट नव्हे. छापील यादीत एफआयआर आणि शवविच्छेदन अहवालही असतो. घरी हृदयविकाराने गेलेल्याच्या बायकोने तो वाचून पोलीस ठाण्याच्या पायऱ्या का चढाव्यात? ते कागद अपघात, आत्महत्या अशा मृत्यूंसाठी. तिच्या ईमेलमधून ती ओळ काढलेली बरी.

समजा, पॉलिसी 2014 ची आहे. हप्ते थकून ती बंद पडली आणि जून 2024 मध्ये थकबाकी व आरोग्याचं निवेदन देऊन पुन्हा चालू केली. विमाधारक जानेवारी 2026 मध्ये गेले. घरचे म्हणतात, पॉलिसी अकरा वर्षांची जुनी. कायद्यातली तीन वर्षं मात्र पुन्हा चालू केल्याच्या तारखेपासूनही मोजली जातात, म्हणजे इथे दोनही पुरी झालेली नाहीत. तेव्हा निवेदनात आजार लपवला होता का, हे कंपनी तपासू शकते. म्हणून नेहमीच्या दाव्याचा अर्ज, मूळ बॉण्ड, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचं ओळखपत्र यांच्या जोडीला उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फॉर्म, दवाखान्याचे कागद आणि नोकरी असेल तर मालकाचा दाखला लागतो. हे कारण ईमेलमध्ये दोन ओळींत लिहावं. नाहीतर घरच्यांना वाटतं, आपल्यावर संशय घेतायत.

‘दाखला दिला ना, मग डॉक्टरांचा फॉर्म कशाला?’ हा ठरलेला प्रश्न. नगरपालिकेच्या वा ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. उलट त्यावर जे असतं तिथेच गाडी अडते. बॉण्डवर ‘दत्तात्रय’, दाखल्यावर ‘दत्तू’. दाखला हातात पडताच आधारशी ताडून पाहा, एवढं वाक्य ईमेलमध्ये हवंच. अर्ज आत गेल्यावर दुरुस्ती करायची तर फाइल तेवढे दिवस पडून राहते.

शेवटचा कागद रद्द केलेला चेक. पैसे थेट नॉमिनीच्या खात्यात जातात, म्हणून चेकवर तिचं नाव छापलेलं हवं. बऱ्याच घरांत खातं एकच असतं, नवऱ्याच्या नावाचं. अशा बाईला तिच्या नावाने बचत खातं काढायला ईमेलच्या पहिल्या परिच्छेदातच सांगावं, म्हणजे बाकीचे कागद जमेपर्यंत पासबुक हातात येतं.